स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी

शहरात घटस्फोट वाढले, एकट्या आया वाढल्या, लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी वाढली आणि आदर्श कुटुंब मोडत चाललं, असं आपण रोज कुठे ना कुठे ऐकतो. बसमध्ये, नळावर, हळदीकुंकवाला हा विषय निघाला की प्रत्येकीकडे सांगायला एक उदाहरण असतं. आज आम्ही, म्हणजे पुण्यातल्या वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम बघणाऱ्या संयोजिका, या विषयाची एकच बाजू तुमच्यापुढे मांडणार आहोत. ती बाजू आहे कागदाची. नवरा-बायको वेगळे झाले हे सगळ्या गल्लीला माहीत असतं, पण कायद्याला माहीत असतं का? आमच्या अनुभवात बहुतेक वेळा नसतं. आणि त्यातून जे नुकसान होतं, ते बाईला पुढची कितीतरी वर्षं भरावं लागतं.

आधी त्या आदर्श कुटुंबाचं बघू. कुटुंब नियोजनाच्या जुन्या पाट्या आठवा. लाल त्रिकोण आणि हसणारे चार चेहरे, आई, बाबा, मुलगा, मुलगी. शाळेच्या पुस्तकातलं चित्रही तेच आणि आपल्या डोक्यातलंही तेच. पण संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाचा २०१९ सालचा जगभरातल्या कुटुंबांवरचा अहवाल सांगतो की भारतात आई-वडील आणि मुलं असं चौकोनी कुटुंब निम्म्याहून थोड्या कमी घरांमध्येच आहे. बाकी घरांत सासू-सासरे, दीर-जावा, एकटे म्हातारे असे सगळे आहेत. आणि सुमारे १ कोटी ३० लाख घरं अशी आहेत जिथे एकटी आई मुलांना वाढवते आहे. शंभर घरांमागे साडेचार घरं. म्हणजे एका चाळीत शंभर खोल्या असतील तर त्यातल्या चार-पाच. आपण मोजून बघितलं तर वस्तीत हा आकडा कमी पडेल, जास्त नाही.

आता या एकट्या आयांना आम्ही विचारतो, "ताई, तुमचा घटस्फोट झालाय का?" पुष्कळ जणी म्हणतात, "हो, झालाय की." मग विचारतो, "कोर्टाचा हुकूम आहे?" तेव्हा उत्तर येतं, "कोर्टात कुठे गेलो? वकिलाकडे स्टँप पेपरवर लिहून घेतलंय. दोघांच्या सह्या आहेत, नोटरीचा लाल शिक्का आहे." काही जणींकडे तोही कागद नसतो. नवरा सोडून गेला किंवा ती मुलांना घेऊन निघून आली, एवढंच. २०११ च्या जनगणनेत घटस्फोट झालेल्या माणसांपेक्षा, घटस्फोट न घेता नुसत्या वेगळ्या राहणाऱ्या माणसांची संख्या अडीच पटीहून जास्त निघाली होती. पेपरात बातमी येते ती घटस्फोटांची, पण त्याच्या मागे ही मोठी रांग उभी आहे.

हा स्टँप पेपर कसा तयार होतो ते आपल्यातल्या अनेकींनी पाहिलंय. भांडणं विकोपाला जातात, दोन्हीकडची माणसं जमतात, मामा-काका बसतात. कोर्टात गेलं तर वर्षानुवर्षं जातील असं कोणीतरी सांगतं. मग कचेरीबाहेर टायपिंग करणाऱ्याकडे जाऊन मजकूर लिहिला जातो. मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. 'आम्ही दोघे आपसांत संमतीने विभक्त होत आहोत. यापुढे आमचा एकमेकांशी पती-पत्नी म्हणून संबंध राहिलेला नाही. दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहोत. पत्नीचा पोटगीवर हक्क राहणार नाही.' खाली सह्या, साक्षीदार, फोटो, शिक्का. बाईला वाटतं, सुटले एकदाची.

पण या कागदाने घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे आणि तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. या कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकमानेच मोडतं. नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही माझ्यासमोर झाली. मजकूर कायद्याला धरून आहे की नाही हे त्याच्या शिक्क्याने ठरत नाही. यात एक अपवाद आहे. काही जातींमध्ये काडीमोडीची, फारकतीची जुनी रूढी आहे आणि कायद्याने ती राखून ठेवली आहे. पण वाद झाला तर ही रूढी आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. पंच बसले आणि आमच्यात असं चालतं असं म्हणाले, एवढ्यावर ते भागत नाही. मुस्लिम आणि ख्रिश्चन भगिनींचे विवाहाचे कायदे वेगळे आहेत. त्यांच्याबद्दल स्वतंत्र बोलू. आज बोलतोय ते हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबद्दल.

मग तुम्ही म्हणाल, घटस्फोट झाला नाही तर नाही, आम्ही वेगळ्या राहतोय, कमावतोय, काय बिघडलं? बिघडतं ते तीन ठिकाणी. एकेक बघू.

पहिलं ठिकाण म्हणजे पोटगी. स्वतःचं भागवू न शकणाऱ्या बायकोला आणि मुलांना पोटगी मागता येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली मागत असत. १ जुलै २०२४ पासून तोच हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमात आहे. त्यात एक बारीक अट आहे जी टायपिंगवाला कधी सांगत नाही. नवरा-बायको आपसांतल्या संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. आता स्टँप पेपरची पहिली ओळ पुन्हा आठवा. 'आम्ही आपसांत संमतीने विभक्त होत आहोत.' म्हणजे ज्या कागदाने घटस्फोट मिळत नाही, तोच कागद पुढे नवऱ्याचा वकील पोटगी टाळण्यासाठी कोर्टापुढे ठेवतो. उलट कोर्टातून रीतसर घटस्फोट झाला असेल, अगदी संमतीने झाला असेल, तरी दुसरं लग्न न केलेली बाई या कलमासाठी बायकोच धरली जाते. कोर्टाचा घटस्फोट घेतला की पोटगी जाते आणि नुसतं वेगळं राहिलं की हक्क राहतो, असा समज वस्तीत आहे. संमतीच्या कागदावर सही झाली असेल तर हिशेब नेमका उलटा पडू शकतो.

असा कागद आधीच झाला असेल तर घाबरू नका. मारहाणीमुळे, दारूमुळे किंवा त्याने दुसरी बाई आणल्यामुळे तुम्ही घर सोडलं असेल, आणि सही दबावाखाली झाली असेल, तर ते कोर्टाला सांगता येतं. दवाखान्याचे कागद, पोलीस चौकीत दिलेल्या तक्रारीची प्रत, त्या वेळचे मेसेज हे जपून ठेवा, ते इथे उपयोगी पडतात. 'पोटगी मागणार नाही' असं लिहून दिलं तरी तेवढ्यावरून हा हक्क संपत नाही, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. आणि मुलांची पोटगी तर आईच्या सहीने बुडतच नाही, कारण तो हक्क मुलांचा असतो.

दुसरं ठिकाण म्हणजे पुढचं आयुष्य. लिव्ह-इन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कंपनीत नोकरी करणारी, मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेऊन राहणारी तरुण पोरं-पोरी येतात. पण मैत्रिणींनो, लग्न न करता एकत्र राहणं आपल्या वस्तीला नवीन नाही. आपण त्याला 'दुसरं घर केलं' म्हणतो. तिशीतली बाई, दोन मुलं, नवरा सोडून गेलेला. कामावर कोणीतरी भला माणूस भेटतो, आधार देतो आणि दोघं एका खोलीत राहायला लागतात. कधी देवळात हार घालतात, कधी तेही नाही. दोन सज्ञान माणसं आपल्या मर्जीने एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे. एवढंच नाही, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने 'लग्नासारख्या नात्यात' राहणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलं आहे. मारहाण झाली तर ती संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते, खर्च मागू शकते, राहत्या घरातून बाहेर काढू नये असा आदेश मागू शकते.

पण 'लग्नासारखं नातं' म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या खुणा सांगितल्या. दोघं जगापुढे नवरा-बायकोसारखे राहत असावेत, दोघांचं वय लग्नाचं असावं, बऱ्यापैकी काळ आपखुशीने एकत्र राहिलेले असावेत आणि दोघंही कायद्याने लग्न करायला मोकळे असावेत. ही शेवटची खूण महत्त्वाची. जिचं पहिलं लग्न फक्त स्टँप पेपरवर मोडलंय ती कायद्याने मोकळी नाही. तिच्या जोडीदाराची बायको गावाकडे असेल तर तोही मोकळा नाही. २०१३ मध्ये अशाच एका प्रकरणात, पुरुष विवाहित आहे हे माहीत असून त्याच्याबरोबर राहिलेल्या बाईला न्यायालयाने या कायद्याचं संरक्षण नाकारलं. म्हणजे पहिली गाठ कागदावर सुटलेली नसेल तर दुसऱ्या नात्यातही बाई उघड्यावर राहते. आणि तिने देवळात हार घालून रीतसर विधी केले तर ते दुसरं लग्न बेकायदा ठरतं. पहिलं लग्न जिवंत असताना दुसरं लग्न करणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हाही आहे.

या बाबतीत जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक दिलासा देणारा निकाल दिला. त्यातल्या बाईचं पहिलं लग्न असंच आपसांतल्या लेखी कराराने मोडलेलं होतं, कोर्टाच्या हुकमाने नाही. तिने दुसऱ्या पुरुषाशी लग्न केलं. त्याला हे सगळं माहीत होतं. भांडण झाल्यावर मात्र तो म्हणाला, ही माझी कायदेशीर बायकोच नाही, मी पोटगी का देऊ? न्यायालयाने त्याचं म्हणणं फेटाळलं आणि तिला पोटगी मिळवून दिली. निकाल चांगलाच आहे. पण तो मिळवायला त्या बाईला देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयापर्यंत जावं लागलं. आपल्यापैकी किती जणी तिथवर जाऊ शकतील? त्यापेक्षा पहिलाच कागद नीट करून घेणं सोपं.

तिसरं ठिकाण म्हणजे रोजचे फॉर्म. यात एक गंमत आहे. कायदा कधी कधी आपल्यापुढे असतो आणि खिडकी मागे असते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलंय की रेशन कार्डासाठी घरातली सर्वात मोठी, अठरा वर्षांवरची बाई कुटुंबप्रमुख समजावी. पण सासरच्या कार्डावरून नाव कमी करायला गेलं की पहिला प्रश्न येतो, नवऱ्याची सही आणली का? लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्यांना धरलेलं आहे. पण २०२५ मध्ये ई-केवायसी करताना पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, तेव्हा आमच्या गटांत गोंधळ उडाला. वडील वारलेले, नवरा दहा वर्षं बेपत्ता, मग क्रमांक कुणाचा घालायचा? पुढे अशा बायकांसाठी सवलत आली, पण तिथेही मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद दाखवायचा होता. जिच्याकडे कोर्टाचा हुकूम होता ती सुटली. जिच्याकडे नोटरीचा शिक्का होता ती अंगणवाडीच्या दारात उभी राहिली.

आता नीट रस्ता कोणता ते एका उदाहरणातून बघू. आमच्या एका गटातल्या ताईंची ही गोष्ट. त्यांची ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. ताईंचं लग्न गावाकडे झालं, दोन मुलं झाली. नवरा टेम्पो चालवायचा. २०१८ मध्ये त्या मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि पुढच्या वर्षी स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली गेली. नवऱ्याने दुसरं घर केलं. ताई शिवणकामाच्या कारखान्यात लागल्या. तिथेच त्यांना एक जोडीदार भेटले. ते अविवाहित होते. दोघं दोन वर्षं एकत्र राहिली, मुलंही त्यांना लागली, आणि मग दोघांनी लग्नाची नोंदणी करायचं ठरवलं. नोंदणीच्या फॉर्मवर वधूची वैवाहिक स्थिती विचारलेली असते. ताईंनी 'घटस्फोटित' लिहिलं आणि स्टँप पेपर जोडला. खिडकीवरून तो परत आला. तिथे कोर्टाच्या हुकमाची प्रत लागते.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "आता पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या का?" नाही. दोघं राजी असतील तर संमतीच्या घटस्फोटाला एवढा वेळ लागत नाही. आम्ही त्यांच्याबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, आणि तिची कमाई किती हे बघितलं जात नाही. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला हा हक्क आहे. फोनवरून माहिती हवी असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत बाईला न्यायशुल्कही माफ आहे. खर्च होतो तो झेरॉक्स, फोटो, जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा. ताईंनी त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं.

मग पहिल्या नवऱ्याला निरोप गेला. तो आधी म्हणाला, मला काय त्याचं? पण त्याच्याही घरात तीच अडचण होती. त्याच्या दुसऱ्या बायकोचं नाव कुठेच लागत नव्हतं. हे त्याच्या लक्षात आल्यावर तो तयार झाला. इथे त्याने एक अट घातली की ताईंनी काहीच मागू नये. वकीलबाईंनी ताईंना समजावलं की तुम्हाला स्वतःसाठी नको असेल तर तुम्ही सोडू शकता, पण मुलांचा खर्च सोडायचा नाही. शेवटी दोन मुलांसाठी महिना सहा हजार, मुलांचा ताबा आईकडे, महिन्यातून दोन रविवार वडिलांची भेट आणि लग्नातले दागिने परत, अशा अटी लिहिल्या गेल्या. या अटी अर्जाबरोबर जोडल्या जातात आणि हुकमाचा भाग बनतात. म्हणून सही करण्यापूर्वी त्या मोठ्याने वाचून घ्यायच्या. रक्कम, ती कोणत्या तारखेला द्यायची आणि कोणत्या बँक खात्यात भरायची, हे आकड्यांत लिहिलेलं हवं. 'मुलांचा योग्य तो खर्च करीन' अशा वाक्याची वसुली होत नाही.

संमतीचा अर्ज करण्यापूर्वी दोघं निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. ताईंची तर पाच वर्षं झाली होती. त्याचा पुरावा म्हणून त्यांनी खोलीच्या भाड्याच्या पावत्या, मुलांच्या शाळेचा पत्ता आणि तो जुना स्टँप पेपरही जोडला. बघा, घटस्फोट म्हणून निकामी असलेला कागद वेगळं राहिल्याची तारीख दाखवायला कामी आला. म्हणून असा कागद फाडून टाकू नका. ताई पुण्यात राहत होत्या म्हणून अर्ज पुण्याच्या कुटुंब न्यायालयात झाला. लग्न गावाकडे झालं म्हणून तिकडेच जावं लागतं असं नाही.

अर्ज दाखल झाला की साधारणपणे सहा महिने थांबायला सांगतात. या काळात समुपदेशक दोघांशी बोलतात. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा येऊन, आमचा निर्णय कायम आहे, असं सांगायचं असतं. तोवर कोणीही माघार घेऊ शकतं. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोघं वेगळे होऊन दीड वर्षाहून जास्त काळ झाला असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, ताबा हे सगळं खरोखर मिटलेलं असेल, तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो ताईंच्या वकीलबाईंनी दिला आणि कोर्टाने मान्य केला. तिसऱ्या महिन्यात हुकूम झाला. मग एक काम राहतं जे पुष्कळ जणी विसरतात. हुकमाची शिक्क्याची नक्कल, म्हणजे प्रमाणित प्रत, अर्ज करून घ्यायची. ती दोन-तीन घेऊन ठेवा. पुढे लग्नाची नोंदणी, रेशन, बँक, सगळीकडे तीच दाखवायची आहे.

प्रत्येकीचा नवरा असा राजी होणार नाही. काहींचा तर पत्ताच माहीत नसतो. अशा वेळी सोडून जाण्याला दोन वर्षं झाली असतील तर त्या कारणावर एकटीला घटस्फोट मागता येतो. त्याला नोटीस पोचत नसेल तर कोर्ट पेपरात जाहीर नोटीस द्यायला परवानगी देतं आणि तरीही तो आला नाही तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो. यात एकच पथ्य पाळायचं. त्याचा जो शेवटचा पत्ता माहीत आहे तो खरा द्यायचा, त्याच्या आई-भावाचा पत्ता माहीत असेल तर तोही सांगायचा. लवकर निकाल लागावा म्हणून कोणी खोटा पत्ता घालायला सुचवेल. तसं केलं तर उद्या तो येऊन हुकूम रद्द करून घेऊ शकतो आणि तोवर तुमचं दुसरं लग्न झालेलं असेल तर तेही अडचणीत येतं.

आणि घटस्फोट नकोच असेल, फक्त खर्च हवा असेल, तरी पोटगीचा अर्ज स्वतंत्र करता येतो. २०२० पासून दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न आणि मालमत्ता शपथपत्रावर लिहून द्यावी लागते. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे समजा जानेवारीत अर्ज केला आणि नोव्हेंबरअखेर पाच हजारांचा हुकूम झाला, तर मागचे अकरा महिने धरून पंचावन्न हजार थकबाकी त्याच्याकडे निघते. मात्र थकलेली रक्कम वसूल करायचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा. देईल आज ना उद्या म्हणून दोन-तीन वर्षं गप्प बसलं तर या कलमाखाली जुनी बाकी मिळत नाही. पैसे रोखीने घेऊ नका, खात्यात घ्या. पासबुकच सांगतं कोणत्या महिन्याचे आले आणि कोणत्या महिन्याचे नाही.

राहिला प्रश्न मुलांचा. आपल्याला सगळ्यात जास्त भीती मुलांना काय म्हणतील याची असते. इथे कायदा समाजापेक्षा मोठ्या मनाचा आहे. आई-वडिलांचं लग्न बेकायदा ठरलं तरी त्या लग्नातली मुलं औरस मानली जातात आणि आई-वडिलांच्या वाट्याच्या मालमत्तेत त्यांना हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. लग्नच झालेलं नसेल तरी वडिलांकडून पोटगी मागण्याचा मुलांचा हक्क आहे. २०१५ च्या एका निकालात अविवाहित आईला, वडिलांचं नाव उघड न करता, मुलाची पालक म्हणून कोर्टाने मान्यता दिली. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांची सही हवीच असं कोणी म्हणालं तर 'कोणत्या नियमाने, ते लिहून द्या' एवढं शांतपणे म्हणायचं. बहुतेक वेळा लिहून देत नाहीत आणि फॉर्म घेतात.

आमच्या गटांमध्ये या सगळ्यानंतर एक छोटा बदल झाला. सभासद अर्जावर 'पतीचे नाव' असा रकाना होता, तो काढून 'वारस आणि नाते' असा केला. आणि वर्षातून एका बैठकीत प्रत्येकीने आपली कागदांची पिशवी आणायची असं ठरलं. लग्नाचा दाखला किंवा फोटो-पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, आधार, पासबुक, भाडेपावत्या, असेल तर तो स्टँप पेपर. ज्यांच्या पिशवीत नुसता लाल शिक्का निघतो, त्यांची यादी करून महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही त्यांना घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जातो. जिथे दुसरी आणि चौथी शनिवारची सुट्टी असते तिथे तारीख बघून जा.

कुटुंब कसं असावं यावर आपल्यात मतभेद राहतील. एखादीला लग्नाशिवाय राहणं पटणार नाही, एखादीला त्यात काही गैर वाटणार नाही. पण शेजारची बाई ज्या घरात राहते ते घर तिचं आहे, त्यात मुलं वाढत आहेत, हे तर खरं आहे ना? मग पुढच्या वेळी कोणी तुमच्याकडे येऊन म्हणाली की, "आमचं नोटरीकडे लिहून झालंय, आता काही राहिलं नाही," तर तिला चहा द्या आणि सांगा की अजून एक काम राहिलंय.